बेरीज १८० आली म्हणजे उत्तर बरोबर आले असे नाही

बंगळुरूत मी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. त्यांत मराठी घरांतली मुले बरीच आहेत. वर्तुळावरची उदाहरणे तपासताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. मुले उत्तर पडताळतात, पडताळा जुळतो, आणि तरीही उत्तर चुकलेले असते. परवाच्या एका वहीतले उदाहरण पाहा.

P, Q, R हे केंद्र O असलेल्या वर्तुळावरचे बिंदू आहेत आणि ∠PQR = ११६°. ∠OPR काढा. मुलाला ‘केंद्राशी दुप्पट, परिघाशी निम्मा’ हे पाठ होते. दुप्पट केली तर २३२° येतात, आणि ते त्रिकोणात मावत नाहीत. मग त्याने निम्मे केले: ∠POR = ५८°. OP आणि OR त्रिज्या असल्यामुळे समोरचे कोन समान, म्हणून ∠OPR = ६१°. खाली पडताळा होता: ६१ + ६१ + ५८ = १८०. त्यापुढे बरोबरची खूणही केली होती.

ही बेरीज १८० येणारच होती. १८० मधून ५८ वजा करून, दोनने भागूनच त्याने ६१ काढले होते. ५८ च्या जागी कोणताही आकडा घेतला असता तरी ती जुळली असती. ज्या नियमाने उत्तर काढले, त्याच नियमाने ते तपासले तर फक्त बेरीज-वजाबाकी तपासली जाते. प्रमेय नीट लावले की नाही, ते कळत नाही.

ते कळायला उत्तराकडून दिलेल्या कोनाकडे उलटे यावे लागते. ∠OPR = ६१° खरे असेल, तर ∠POR = ५८°. मग PR ही जीवा विशालकंसावरच्या बिंदूतून २९° दिसेल आणि लघुकंसावरच्या बिंदूतून १८० – २९ = १५१°. Q कुठेही असला तरी ११६° येत नाहीत. उत्तर चूक.

मग बरोबर काय? ∠PQR विशाल आहे, म्हणजे Q लघुकंसावर आहे. केंद्र आणि Q हे PR च्या दोन बाजूंना आहेत. म्हणून ११६° ची दुप्पट, २३२°, हा केंद्राशी होणारा मोठा, प्रविशाल कोन. त्रिकोणातला ∠POR = ३६० – २३२ = १२८° आणि ∠OPR = २६°. उलटे येऊन पाहा: १२८ चे निम्मे ६४, आणि लघुकंसावर १८० – ६४ = ११६. जुळले.

याच मुलाची आई कोल्हापुरात शिकलेली. वही पाहून ती म्हणाली, “सर, आम्ही हे कंसाच्या मापाने करायचो.” महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या भूमितीत कंसाला माप असते आणि आंतरलिखित कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या निम्मा असतो. इथल्या मुलांना तेच प्रमेय केंद्रातल्या दुप्पट कोनाच्या रूपात शिकवतात. म्हणून मी आता एका रीतीने उत्तर काढायला सांगतो आणि दुसरीने तपासायला. ∠PQR मध्ये सापडणारा कंस Q च्या समोरचा, २३२° चा. उरलेला कंस PQR १२८° चा. दोन्ही मिळून ३६०. इथे कुठल्या बाजूचा कंस, हे ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि चूक नेमकी तिथेच होत असते.

‘एकाच वर्तुळखंडातील कोन समान’ या प्रमेयातही घोळ बाजूचाच असतो. ∠ACB = ४०° दिला आणि ∠ADB विचारला, की मुले बेधडक ४०° लिहितात. C आणि D हे AB च्या एकाच बाजूला असतील तरच ते खरे. विरुद्ध बाजूंना असतील तर उत्तर १४०°. कोनाच्या दोन्ही भुजांवरून बोट फिरवा: दोन्ही कोनांचे पाय A आणि B वरच आहेत का, आणि शिरोबिंदू AB च्या एकाच बाजूला आहेत का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच समान लिहा.

छापील आकृतीवर कोनमापक लावू नका. ती प्रमाणात असेलच असे नाही. शंका राहिली तर पाच सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ स्वतः काढा, केंद्राशी १२८° घ्या, लघुकंसावर Q घेऊन कोन मोजा. एक-दोन अंशांचा फरक हाताचा असतो. मोजून उत्तर सिद्ध होत नाही. पण ६१ आणि २६ यांतले कोणते खरे, ते लगेच दिसते.

पालकांना एवढेच सांगणे आहे: मुलाने पडताळ्याला १८० लिहिले असेल, तर ते १८० त्याने उत्तर काढतानाच वापरले होते का, ते आधी विचारा. वापरले असेल, तर तो पडताळा धरू नका.