वॉटरफॉल चार्टमधला बहात्तर लाखांचा खांब

परभणी जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेब मी पाहतो. सर्वसाधारण सभा जवळ आली की जवळपास प्रत्येक संचालक मंडळ एक स्लाइड मागतं: मागच्या वर्षी नफा किती होता, यंदा किती झाला आणि मधे काय घडलं. त्यासाठी वॉटरफॉल चार्ट चांगला. डाव्या टोकाला मागच्या वर्षीच्या नफ्याचा खांब, उजव्या टोकाला यंदाचा, दोन्ही जमिनीपासून उभे. मधले खांब तरंगते. आधीचा जिथं संपतो तिथून पुढचा सुरू होतो. नफा वाढवणारा वर जातो, घटवणारा खाली उतरतो. चार्ट काढायला दहा मिनिटं पुरतात. मधले खांब कोणते असावेत, हे ठरवण्यात मात्र सभा जिंकली किंवा हरली जाते. असं घडताना मी पाहिलं, म्हणून हे लिहितो.

कंपनी सोयाबीनची. सभासदांकडून माल घ्यायचा, चाळणी करायची आणि तेल गिरण्यांना विकायचा. वर्षं २०२२-२३ आणि २०२३-२४. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, प्रमाण तेच आहे. पहिल्या वर्षी २०,००० क्विंटल माल विकला, सरासरी ५,४०० रुपयांनी. खरेदी पडली ५,१०० रुपयांना. दुसऱ्या वर्षी २४,००० क्विंटल विकला, सरासरी ४,८१५ रुपयांनी. खरेदी पडली ४,५५० रुपयांना. भाव दोन्हीकडून उतरले होते. २०२३-२४ च्या हंगामाचा हमीभाव ४,६०० रुपये होता, त्यावरून बाजाराची नरमाई लक्षात येईल. करपूर्व नफा २० लाखांवरून १३.२ लाखांवर आला. म्हणजे ६.८ लाखांची घट समजावून सांगायची होती.

कंपनीच्या कार्यालयात तयार झालेल्या पहिल्या स्लाइडवर नफा-तोटा पत्रकातल्या ओळीच जशाच्या तशा उचलून खांब केले होते. विक्री ७५.६ लाखांनी वाढली, हिरवा खांब. खरेदी ७२ लाखांनी वाढली, लाल खांब. मग वाहतूक-हमाली ४.८ लाख, पगार २ लाख, व्याज ३.६ लाख, तिन्ही लाल. बेरीज तंतोतंत जुळत होती. तरीही पडद्यावर दिसत होते फक्त दोन उंच मनोरे, आणि ज्या तीन खर्चांवर बोलायला हवं होतं ते त्यांच्या पायथ्याशी चिरडून गेले होते.

सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी उभं राहून विचारलं, "खरेदीत बहात्तर लाख जास्त गेले म्हणता, मग भाव कुणाला वाढवून दिला?" प्रश्न रास्त होता, कारण चित्र तेच सांगत होतं. प्रत्यक्षात खरेदीचा भाव क्विंटलमागे ५५० रुपयांनी उतरला होता. ४,००० क्विंटल जास्त माल घेतला म्हणून खरेदीची रक्कम २.०४ कोटींनी वाढली, भाव उतरल्यामुळे १.३२ कोटींनी घटली. त्यातून उरले ७२ लाख. पण असं तोंडी सांगेपर्यंत वेळ निघून गेली होती. पुढच्या हंगामात मोंढ्यापेक्षा कमी भावानं माल घ्यावा, इथपर्यंत चर्चा गेली. ज्या कंपनीचे मालकच शेतकरी आहेत, तिच्या सभेत एका खांबामुळे शेतकऱ्याचा भाव कापायची भाषा व्हावी, याचं मला फार वाईट वाटलं.

माल घेऊन तोच माल विकणाऱ्या धंद्यात विक्री आणि खरेदी एकत्रच हलतात. मोंढ्यात भाव उतरला की दोन्ही रकमा उतरतात, माल वाढला की दोन्ही वाढतात. त्यांचे वेगळे खांब काढले तर बाजाराची हालचाल दिसते, कंपनीची कामगिरी दिसत नाही. कंपनीच्या हातात असतं ते क्विंटलमागचं मार्जिन, म्हणजे विक्री आणि खरेदी यांतला फरक. म्हणून मार्जिनचा एक खांब आणि मालाच्या वाढीचा एक खांब, असे दोन काढायचे.

आकडे घेऊन पाहू. पहिल्या वर्षी मार्जिन ३०० रुपये होतं आणि वाहतूक-हमाली क्विंटलला ६० रुपये पडत होती. म्हणजे प्रत्येक क्विंटल २४० रुपये ठेवून जात होता. दुसऱ्या वर्षी मार्जिन २६५ झालं, वाहतूक-हमाली ७० झाली.

जास्त विकलेले ४,००० क्विंटल जुन्याच २४० रुपयांनी मोजले की ९.६ लाख येतात. माल वाढल्याचा हा फायदा. मग मार्जिन ३५ रुपयांनी घटलं, ते यंदाच्या पूर्ण २४,००० क्विंटलवर मोजायचं: ८.४ लाख खाली. वाहतूक-हमालीचा दर १० रुपयांनी वाढला, त्याचे २.४ लाख खाली. पगार २ लाख, व्याज ३.६ लाख. वीज आणि किरकोळ खर्च तेवढाच राहिला, त्याला खांब नको. आता चार्ट असा चालतो: २० वरून २९.६, तिथून २१.२, मग १८.८, १६.८ आणि शेवटी १३.२. एकही खांब दुसऱ्याला झाकत नाही. वाढीव मालानं जे कमावलं त्यातलं बहुतेक मार्जिननं घालवलं, आणि वाहतूक, पगार, व्याज या तिघांनी जुन्या नफ्यालाही हात घातला, हे मागच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

इथं एक संकेत पाळावा लागतो. मालाची वाढ मागच्या वर्षीच्या दरानं मोजायची आणि दरातला बदल यंदाच्या मालावर. उलट केलं तरी बेरीज जुळते, पण खांबांची उंची बदलते. आपल्या उदाहरणात मार्जिनचा खांब जुन्या २०,००० क्विंटलवर मोजला असता तर ८.४ ऐवजी ७ लाखांचा झाला असता आणि मधले १.४ लाख मालाच्या खांबातून वजा झाले असते. दोन्ही रीती चालतात. पण दरवर्षी तीच ठेवायची आणि स्लाइडच्या तळाशी एका ओळीत लिहायची. ज्या वर्षी जे सोयीचं ते वापरलं, तर विक्री सांभाळणाऱ्यानं आपली बाजू उजळ करून घेतली असा संशय येतो, आणि तो खोडता येत नाही.

दुसरी चूक नजरेतून सहज निसटते, ती साठ्याची. ट्रायल बॅलन्समधली खरेदी आणि विकलेल्या मालाची किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत. ३१ मार्चला गोदामात माल पडून असेल आणि आपण खरेदीची पूर्ण रक्कम विकलेल्या क्विंटलनं भागली, तर न विकलेला मालही तोट्यात दिसेल. आधी सुरुवातीचा साठा मिळवून अखेरचा साठा वजा करायचा, मग विकलेल्या क्विंटलनं भागायचं. चाळणीत माती-काडी जाते, ओल सुकते. ती घटही याच भागाकारात येते, कारण भागणारा आकडा विकलेल्या मालाचा असतो, घेतलेल्या मालाचा नाही. मार्जिन अचानक फार छान किंवा फार वाईट दिसलं, की मी सगळ्यात आधी साठ्याचं पत्रक मागतो.

व्याजाच्या खांबाबद्दल थोडं सविस्तर, कारण संचालकांना खरा उपयोग त्याचाच झाला. बँकेचा दर दोन्ही वर्षं १० टक्के होता. मर्यादेतून उचललेली सरासरी रक्कम १ कोटीवरून १.३६ कोटींवर गेली, म्हणून व्याज १० लाखांवरून १३.६ लाखांवर. माल २० टक्के वाढला, त्या हिशेबानं १२ लाख समजू शकतात. वरचे १.६ लाख भाव वाढेल या आशेनं माल थांबवून ठेवल्याचे. हे दोन भाग मी वेगळे खांब करून दाखवले नाहीत. फार तुकडे केले की चार्टचा धागा तुटतो, आणि सहा-सात खांबांच्या पुढं सभागृह मोजायचं सोडून देतं. मात्र बोलताना ते नक्की सांगावेत. सुधारलेल्या स्लाइडवर संचालक मंडळात चर्चा झाली ती खरेदीच्या भावावर नव्हे, तर किती माल लगेच विकायचा आणि किती थांबवायचा यावर.

आता काढण्याची कृती. एक्सेल २०१६ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत `Insert` मध्ये `Waterfall` तयार मिळतो. पहिल्या स्तंभात नावं, दुसऱ्यात आकडे, घट असेल तिथं उणे चिन्ह. चार्ट आला की शेवटचा खांब जमिनीवर नसून हवेत लटकलेला दिसेल, कारण एक्सेलला तो आणखी एक वाढ वाटतो. आपल्या आकड्यांत तो २६.४ पर्यंत जाईल. त्या एकाच खांबावर दोनदा टिचकी मारून तो निवडा, उजवी टिचकी देऊन `Set as total` निवडा. पहिल्या खांबालाही तेच करा, म्हणजे त्याला वाढीचा रंग राहणार नाही.

जुनी आवृत्ती असेल तर `Stacked Column` वापरायचा. B मध्ये बदल, C मध्ये चालती बेरीज, C2 मध्ये मागच्या वर्षीचा नफा:

```
C3: =C2+B3
D3: =MIN(C2,C3)
E3: =MAX(B3,0)
F3: =MAX(-B3,0)
```

D, E, F एकावर एक रचायचे आणि D ला `No fill` द्यायचा. दोन टोकांच्या खांबांना वेगळा स्तंभ. चालती बेरीज शून्याखाली गेली, म्हणजे मधेच तोटा दिसू लागला, की ही युक्ती फसते. तेव्हा तयार चार्टच हवा.

उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. फरक ठळक दिसावा म्हणून तो १० लाखांपासून सुरू केला तर २० चा खांब १३.२ च्या खांबापेक्षा तिप्पट उंच वाटतो, आणि सभासदांचा उरलेला विश्वासही जातो. खांबांवर आकड्याआधी अधिक-उणे चिन्ह लिहा; दिवसा खिडक्या उघड्या ठेवून प्रोजेक्टर लावला की लाल-हिरवा सारखाच मळकट दिसतो, आणि काहींना हे दोन रंग मुळातच वेगळे दिसत नाहीत. शीर्षकात "नफा विश्लेषण" लिहू नका. पूर्ण वाक्य लिहा: "माल वाढला, पण मार्जिन, वाहतूक, पगार आणि व्याजामुळे नफा ६.८ लाखांनी घटला."

हा चार्ट काय सांगू शकत नाही, तेही संचालकांना आधी सांगून ठेवावं. मार्जिन ३५ रुपयांनी का घटलं, हे त्यात नाही. गिरणीनं ओलाव्याची कपात जास्त लावली, की आपण उशिरा विकलं, की चाळणी नीट झाली नाही, हे विक्रीच्या पट्ट्या काढूनच कळतं. ते काम सभेच्या आधी करायचं.

शेतकरी उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस कायद्यानं किमान १४ दिवस आधी द्यावी लागते. तिच्यासोबत हा चार्ट आणि त्याखालचे क्विंटल, दर व हिशेबाचा संकेत एका कागदावर छापून पाठवा. सभासदांना घरी बसून गुणाकार करून पाहू द्या.