औषधांचं स्टॉक रजिस्टर शीटवर आणताना खर्च नेमका कुठे होतो

आमच्या धर्मादाय दवाखान्यात औषधांचं स्टॉक रजिस्टर लाल कापडी बांधणीचं होतं. १८० पानं भरलेली, दर पानावर साधारण ३० ओळी. ते कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशोब होता, की पहिल्या पानापासून सगळं टाइप करायचं. हा हिशोब आधी मांडून बघा. ५,४०० ओळी, ओळीला अर्धं मिनिट, म्हणजे ४५ तास. टाइप करणाऱ्याला ताशी १०० रुपये धरले तर ४,५०० रुपये. आणि एवढं करून हाती येते ती जुन्या चुकांची स्वच्छ प्रत.

म्हणून मागचं टाइप करू नका. एक तारीख ठरवा, त्या दिवशी कपाटातला माल मोजा आणि तिथून शीट सुरू करा. आमच्याकडे १४० औषधं होती, बॅचनुसार धरली तर २१० ओळी. दोघांनी एका रविवारी सहा तास मोजणी केली, म्हणजे १२ तासांचं काम. ओळीला एक मिनिट धरून टाइपिंगला साडेतीन तास, ताडून पाहायला दोन, शीट बांधायला तीन. एकूण साडेवीस तास, त्याच दराने २,०५० रुपये. शीट गूगलवर फुकट मिळते आणि कॉम्प्युटर आधीचाच होता.

मोजताना पॅरासिटामॉल ५०० ने पंचाईत केली. रजिस्टरमध्ये शिल्लक १,२४०, कपाटात १,०९० गोळ्या. दीडशेचा फरक. शोधल्यावर कळलं की एका शिबिराला १५-१५ गोळ्यांच्या दहा पट्ट्या दिल्या होत्या आणि नोंद राहिली होती. फरक सापडो न सापडो, शीटमध्ये मोजलेला आकडाच जातो. रजिस्टरच्या पानावर फरक लिहून दोघांनी सही करायची. एककही त्याच दिवशी ठरवा: गोळी, पट्टी की बाटली. मी गोळीच घ्या म्हणेन, कारण पट्टी कधी १० ची असते, कधी १५ ची.

हस्ताक्षराचा खरा धोका नावात असतो. आमच्या रजिस्टरमध्ये नुसतं 'मेट.' असं लिहिलेलं होतं. ते मेट्रोनिडाझोल की मेटफॉर्मिन? एक जंतुसंसर्गाचं, दुसरं मधुमेहाचं. हे बाहेरच्या टाइपिस्टला कळणार नाही, म्हणून नावांची यादी फार्मासिस्टनेच करायची. प्रत्येक औषधाला ताकदीसकट एक कोड द्या, जसा `PCM500`.

शीटला दोन पानं पुरतात. 'नोंदी' या पानावर A ते G असे रकाने: तारीख, कोड, बॅच, मुदत, जमा, खर्च, शेरा. मोजलेला माल इथेच बॅचवार 'जमा' म्हणून लिहा आणि शेऱ्यात 'सुरुवातीची शिल्लक' टाका. H रकान्यात प्रत्येक नोंदीनंतरची चालू शिल्लक येते:

```
=SUMIFS(E$2:E2,B$2:B2,B2)-SUMIFS(F$2:F2,B$2:B2,B2)
```

दुसरं पान 'यादी'. तिथे औषधाची एकच ओळ: A कोड, B नाव, C एकक, D शिल्लक, E मागवलेले, F पातळी, G इशारा. D2 आणि G2 मध्ये अनुक्रमे हे लिहून खाली ओढा:

```
=SUMIFS('नोंदी'!E:E,'नोंदी'!B:B,A2)-SUMIFS('नोंदी'!F:F,'नोंदी'!B:B,A2)
=IF(D2+E2<=F2,"मागवा","")
```

पातळी अंदाजाने टाकू नका. पॅरासिटामॉलचा तीन महिन्यांचा खर्च ८४०, ९०० आणि ९६० होता, म्हणजे महिन्याला सरासरी ९००, दिवसाला ३०. पुरवठादार एरवी आठ दिवसांत माल देतो, पण एकदा बारा दिवस लागले होते. बाराच धरले: ३६० गोळ्या. वर एका आठवड्याची बेगमी, २१०. पातळी झाली ५७०. एखादं औषध महिन्यात दहा दिवस संपलेलंच असेल तर खर्च ३० ने नव्हे, २० दिवसांनी भागा; नाहीतर पातळी खोटी कमी येते. ओआरएससारख्या औषधाची पातळी पावसाळ्याआधी मागच्या पावसाळ्याच्या खर्चावरून पुन्हा काढा.

१,०९० पासून रोज ३० गेल्या तर अठराव्या दिवशी ५५० उरतात आणि 'मागवा' उमटतं. ९०० गोळ्यांची ऑर्डर दिली की E मध्ये ९०० लिहायचे, म्हणजे इशारा जातो आणि दुसऱ्या पाळीचा माणूस तीच ऑर्डर पुन्हा देत नाही. माल आला की 'नोंदी'त जमा करा आणि E लगेच रिकामा करा. तो ९०० तसाच राहिला तर पुढच्या वेळी गोळ्या शून्यावर आल्या तरी शीट गप्प बसेल.

आकडे चुकू लागले तर आधी संख्या कोणत्या बाजूला टेकली आहे ते पाहा. रकान्याची मांडणी हाताने बदललेली नसेल तर खरी संख्या उजवीकडे टेकते. डावीकडे टेकली असेल तर ती शीटसाठी मजकूर आहे आणि बेरजेत येत नाही. देवनागरी आकडे टाइप केले किंवा संख्येपुढे 'गोळ्या' लिहिलं की असं होतं, म्हणून संख्या इंग्रजी आकड्यांतच भरा. कोडच्या मागे एक जादा स्पेस पडली तरी ती नोंद हिशोबाबाहेर जाते. यावर उपाय म्हणजे कोड हाताने लिहू न देता `Data` मधल्या `Data validation` ने यादीतून निवडायला लावणं. मुदतीचं नुसतं महिना-वर्ष लिहू नका, महिन्याची शेवटची तारीख पूर्ण लिहा. पाकिटावरची मुदत त्या दिवसापर्यंत असते.

मुदत संपलेला माल शीटच्या लेखी शिल्लकच असतो, त्यामुळे इशारा उमटत नाही. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला मुदतीचा रकाना चाळून असा माल 'मुदतबाह्य' शेऱ्यासह खर्चात टाका आणि कपाटातूनही वेगळा काढा.

बाहेरच्या माणसाकडून शीट बांधून घेणार असाल तर पानावर दर ठरवू नका, कामावर ठरवा. फाइल दवाखान्याच्या खात्यात हवी, त्याच्या नाही. पैसे देण्याआधी त्याच्यासमोर तीन औषधांचे जमा-खर्च घाला, एकाचा साठा मुद्दाम पातळीखाली न्या आणि इशारा येतो का पाहा.

सुरुवातीच्या खर्चापेक्षा मोठा खर्च पुढे आहे. रोजच्या नोंदीला १५ मिनिटं लागतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेसहा तास, म्हणजे ६५० रुपये. चार महिन्यांत हा खर्च सुरुवातीच्या खर्चाच्या पुढे जातो. हे काम कोणाचं, ते नावानिशी ठरलेलं नसेल तर २,०५० रुपयेही घालवू नका.

पहिले दोन महिने रजिस्टर आणि शीट दोन्ही चालवा आणि दर आठवड्याला दहा औषधं मोजून पाहा. त्यानंतरही जुनं रजिस्टर रद्दीत देऊ नका. औषध दुकान चालवत असाल तर शेड्यूल एच-१ मधल्या औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये, डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहून ठेवावी लागते आणि ते तीन वर्षं तपासणीसाठी जपावं लागतं. ही शीट त्या रजिस्टरची जागा घेत नाही.