पगडीच्या दुकानाचा हक्क विकता येईल का?

प्रश्न : रायपूरच्या मालवीय रोडवर आजोबांनी पगडी देऊन दुकान घेतले. मुंबईचे चुलतभाऊ म्हणतात, मालकाला वाटा देऊन हक्क विका. चालेल का?

उत्तर : मुंबईचा हिशेब इथे लावू नका. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातील कलम ५६ ने पगडीला मान्यता दिली. रायपुरात मात्र १९६१ च्या जुन्या कायद्यानुसार पगडी घेणे बेकायदाच होते. त्यामुळे आजोबांकडे पगडीची चिठ्ठी असलीच, तर ती फार तर भाडेकरूपणाचा पुरावा ठरेल, मालकीचा नाही.

आता छत्तीसगडचा २०११ चा कायदा लागू आहे आणि खरा धोका त्यातच आहे. मालक कारण न देता सहा महिन्यांची लेखी नोटीस देऊन दुकान रिकामे मागू शकतो. अट एवढीच, की पुढचे बारा महिने ते जास्त भाड्याने देता येत नाही. समजा, तुमच्या खरेदीदाराने वीस लाख मोजले आणि दुसऱ्याच महिन्यात नोटीस आली, तर तो पैसे तुमच्याकडेच मागेल. मालकाच्या लेखी संमतीविना ताबा देणे म्हणजे पोटभाडेकरू ठेवणे, निष्कासनाला आयते कारण.

म्हणून आधी मालकाशी बोला. तो तयार असेल तर खरेदीदाराच्या नावे थेट नवा लेखी भाडेकरार करू द्या. तुमच्या माल-फर्निचरची किंमत वेगळ्या पावतीवर, बँकेतूनच घ्या.