पंधरा सेंटिमीटरचा हिशेब

हरभरा निघाला, गहू खळ्यावर आला, की काळ्या रानात नमुना घ्यायला दीड-दोन महिने मिळतात. शेतात पीक नसतं, शेवटचं खत देऊन बरेच दिवस झालेले असतात, आणि आता दिलेला नमुना तपासून निकाल पेरणीआधी हातात पडतो. कृषी महाविद्यालयात शिकणारी मुलं-मुली याच सुट्टीत घरच्या शेतातली माती प्रात्यक्षिकासाठी घेऊन जातात. त्यांच्या अहवालातला ‘उपलब्ध स्फुरद, किलो प्रति हेक्टर’ हा आकडा पाहून घरचे लोक डीएपीची पोती ठरवतात. म्हणून त्या आकड्याच्या वर लिहिलेली कृती नीट वाचली पाहिजे, आणि लिहिणाऱ्याने ती तितक्याच नीट लिहिली पाहिजे.

सुरुवात खोलीपासून करू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. हंगामी पिकांसाठी नमुना ० ते १५ सेंटिमीटर थरातला घेतात. स्फुरद नत्रासारखा पाण्याबरोबर खाली उतरत नाही. पेरणी करताना पाच-सात सेंटिमीटरवर पडलेलं खत वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यात साचतं. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते, टिकाव उसळतो आणि माणूस वरवरची माती खरवडून पिशवी भरतो. अशी माती शेताची नसते, खताच्या पट्ट्याची असते.

खड्डा व्ही आकाराचा, बरोबर १५ सेंटिमीटर खोल करा. त्यातली माती बाहेर काढून टाका आणि मग खड्ड्याच्या एका बाजूने वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीचा, साधारण दोन बोटांचा काप घ्या. काप वर जाड आणि खाली निमुळता झाला, तर वरच्या मातीचा वाटा वाढला असं समजा. भेगेजवळ खड्डा घेऊ नका. भेगेतून वरची भुसभुशीत माती खोलवर पडलेली असते आणि थर मिसळलेले असतात. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा आणि मागच्या पिकाचे तास टाळून, नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणचे काप गोळा करा. ते एकत्र मिसळून ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. जस्तही तपासायचं असेल, तर जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं वापरू नका, प्लास्टिकचं घ्या. खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरली, तर सगळी मेहनत वाया गेली.

आता वाळवणं. माती सावलीत, स्वच्छ कागदावर पातळ पसरून वाळवायची. उन्हात किंवा भट्टीत ठेवली की लवकर वाळते हे खरं, पण उष्णतेने मातीतल्या अन्नद्रव्यांचं रूप बदलतं. काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या चिकणकणांत पालाशाची धरसोड तापवल्याने बदलते, स्फुरदाचा आकडाही हलतो. ढेकळं अर्धवट ओली असतानाच हाताने फोडावीत, पूर्ण वाळल्यावर ती फुटता फुटत नाहीत. माती वाळली की नाही हे हाताला कळत नाही. लागोपाठ दोन दिवस वजन करा. वजन सारखं आलं, तर वाळली.

मग लाकडी खलात कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची. चाळणीवर ढेकूळ राहिलं तर ते फेकायचं नाही, पुन्हा कुटून चाळायचं. टाकायचे ते फक्त खडे आणि मुळ्या. मुरमाड रानात खड्यांचं वजन अहवालात लिहायलाच हवं. मातीचा पाचवा हिस्सा खडे असतील, तर हेक्टरी आकडा खऱ्यापेक्षा पाव हिश्श्याने फुगलेला असतो.

अर्क काढण्याची पद्धत माती पाहून ठरते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीसाठी ओल्सन पद्धत वापरतात. स्टर्लिंग ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अमेरिकेत १९५४ मध्ये मांडली. यातलं द्रावण सोडियम बायकार्बोनेटचं असतं, म्हणजे स्वयंपाकघरातला खायचा सोडाच, फक्त शुद्ध प्रतीचा. ०.५ मोलर म्हणजे लिटरला ४२ ग्रॅम, आणि सामू नेमका ८.५. हे द्रावण मातीतल्या कॅल्शियमला चुन्याच्या रूपात बाजूला बसवतं, त्यामुळे त्याने धरून ठेवलेला स्फुरद मोकळा होतो. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ब्रे पद्धतीचं आम्ल द्रावण चालतं. तेच काळ्या मातीत घातलं, तर चुनखडी आम्ल खाऊन टाकते आणि आकडा खोटाच कमी येतो.

अडीच ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर द्रावण आणि चिमूटभर स्फुरदमुक्त कोळसा टाकून ३० मिनिटं हलवायचं आणि लगेच गाळायचं. कोळसा सेंद्रिय पदार्थाचा पिवळट रंग शोषून घेतो. तो रंग राहिला, तर पुढे येणारा निळा रंग मोजताना घोटाळा होतो. कोळशातच स्फुरद असेल तर मात्र सगळेच नमुने श्रीमंत दिसतात. ते ओळखायला माती न घालता तोच सगळा खटाटोप करायचा आणि ते कोरं वाचन नमुन्याच्या वाचनातून वजा करायचं. द्रावण बाटलीत पडून राहिलं की त्याचा सामू चढतो, म्हणून ते ताजं करावं.

तापमानाकडे बहुतेक अहवाल पाहतच नाहीत. २० ते ३० अंशांच्या दरम्यान खोली एका अंशाने तापली, की मध्यम स्फुरदाच्या मातीत किलोमागे सुमारे ०.४ मिलिग्रॅम स्फुरद जास्त निघतो. म्हणजे तीच माती थंडीत २० अंशांना आणि उन्हाळ्यात ३० अंशांना तपासली, तर हेक्टरी नऊएक किलोंचा फरक पडतो. अर्क २५ अंशांना काढावा, आणि ते जमलं नाही तर निदान त्या दिवशीचं तापमान लिहावं.

आता एक उदाहरण सोडवू. समजा पाच मिलिलिटर अर्कापासून २५ मिलिलिटर निळं द्रावण केलं आणि कोरं वाचन वजा करून त्यात मिलिलिटरला ०.१० मायक्रोग्रॅम स्फुरद मिळाला. अर्काची पट २० (५० भागिले २.५) आणि रंगाची पट ५ (२५ भागिले ५), म्हणून ०.१० × २० × ५ = १० मिलिग्रॅम प्रति किलो. याला २.२४ ने गुणलं की २२.४ किलो प्रति हेक्टर. नेहमीच्या वर्गवारीत १० ते २५ किलो म्हणजे मध्यम.

हा २.२४ आला कुठून? एक हेक्टरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २२ लाख ४० हजार किलो माती धरली आहे, तिथून. पंधरा सेंटिमीटर त्या गुणकातच बसलेले आहेत. आता तेच शेत, पण खड्डा साडेसात सेंटिमीटरचाच झाला आणि वरच्या थरातलं वाचन ०.१४ आलं असं धरू. गणित सांगेल ३१.४ किलो, म्हणजे भरपूर. प्रयोगशाळेत काहीच चुकलेलं नाही, तरीही शेतकरी स्फुरदाची मात्रा कमी करेल, आणि जिथे सोयाबीनची मुळं जातात त्या खालच्या थरात स्फुरद कमीच असेल. शिवाय हा आकडा मूलद्रव्य स्फुरदाचा आहे. खताच्या पोत्यावर लिहिलेल्या P2O5 शी तुलना करायची, तर २.२९ ने गुणावं लागतं.

म्हणून ‘नमुना घेऊन, वाळवून, प्रमाणित पद्धतीने तपासला’ एवढ्यावर अहवाल संपवू नका. कृती अशी लिहा: ‘हरभरा काढणीनंतर, शेवटचं खत देऊन चार महिने झाल्यावर, एक एकरातल्या बारा ठिकाणचे ०–१५ सेंटिमीटरचे काप मिसळून अर्धा किलो नमुना घेतला. सावलीत सहा दिवस, वजन स्थिर होईपर्यंत वाळवला. लाकडी खलात कुटून २ मिलिमीटर चाळणीतून चाळला, खडे नगण्य. २.५ ग्रॅम माती, ५० मिलिलिटर ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू ८.५, त्याच दिवशी तयार केलेलं. ३० मिनिटं हलवलं, खोलीचं तापमान २६ अंश. कोरं वाचन वजा केलं.’