मुलाखतीनंतरचा ई-मेल : भरती अधिकाऱ्याच्या दृष्टीने

मुलाखतीनंतर उमेदवार जो पाठपुराव्याचा ई-मेल पाठवतो, त्याचे मोल समजण्यासाठी भरती अधिकाऱ्याचे काम कसे चालते हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. त्याच्याकडे एकाच वेळी अनेक पदांची भरती चालू असते. निवडीचा निर्णय बहुधा तो स्वतः घेत नाही. तो विभागप्रमुख घेतो आणि त्यानंतर वेतनाला वरिष्ठांची मंजुरी लागते. उमेदवाराला जी उपेक्षा वाटते, ती पुष्कळदा या मंजुरीची प्रतीक्षा असते. म्हणून ई-मेल उघडताच अधिकारी दोनच गोष्टी शोधतो : तो कोणत्या पदाविषयी आहे आणि आपण नेमके काय करावे अशी अपेक्षा आहे.

समजा, एका कारखान्यात लेखापालाच्या पदासाठी ४ जूनला मुलाखती झाल्या आणि दहा दिवसांत निर्णय कळवू, असे सांगण्यात आले. एका उमेदवाराने ६ जूनलाच 'माझ्या अर्जाचे काय झाले?' असे विचारले, ७ला तेच पुन्हा लिहिले आणि ८ला फोन केला. विषयाच्या जागी केवळ 'चौकशी' हा शब्द होता. उमेदवार कोणत्या पदाचा, हे पाहण्यासाठी अधिकाऱ्याला याद्या चाळाव्या लागल्या. आणि मुदत संपलेली नसल्याने देण्याजोगे उत्तरही त्याच्यापाशी नव्हते. अधिकारी त्रासतो तो येथे.

दुसऱ्या उमेदवाराने १५ जूनपर्यंत वाट पाहिली. त्याने विषय लिहिला, 'लेखापाल पद : ४ जूनची मुलाखत'. खाली मजकूर असा होता : 'मला दुसरीकडून नियुक्तीचा प्रस्ताव आला असून २० जूनपर्यंत उत्तर द्यावयाचे आहे. माझी पहिली पसंती आपल्याकडील कामाला आहे. तोपर्यंत आपला निर्णय होऊ शकेल काय? सध्याच्या नोकरीतून मुक्त होण्यास मला ६० दिवस लागतील.'

हा ई-मेल अधिकारी जसाच्या तसा विभागप्रमुखाकडे पाठवू शकतो. त्यातील तारखेमुळे रेंगाळलेली मंजुरी आजच मागण्यास त्याला कारण मिळते आणि रुजू होण्याचा दिवसही ठरवता येतो. मात्र असा प्रस्ताव खरा असला पाहिजे. अधिकारी त्याचे पत्र पाहावयास मागू शकतो किंवा 'आपण तो स्वीकारावा' असे सांगून मोकळा होऊ शकतो.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या आभाराच्या दोन ओळी अपायकारक नसतात, पण त्या लक्षातही राहत नाहीत. मुलाखतीत अपुऱ्या राहिलेल्या एखाद्या प्रश्नाचे नेमके उत्तर त्यात असेल, तर ते टिपणांना जोडले जाऊ शकते. उलट, जुना मजकूर उतरवताना दुसऱ्याच कंपनीचे नाव राहून गेले, तर ते तत्काळ नजरेत भरते.

ई-मेलची मर्यादाही स्पष्ट आहे. फसलेली मुलाखत त्याने सुधारत नाही. तो जवळजवळ तुल्यबळ उमेदवारांत किंवा लांबलेल्या निर्णयातच उपयोगी पडतो. मुदतीनंतर एक आणि आठवड्याने दुसरे स्मरणपत्र पाठवूनही उत्तर न आल्यास तिसरे पत्र सहसा काही बदलत नाही.