चुन्याच्या भट्टीतली मुक्त ऊर्जा

आसनगावात बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. किन्हवली, डोळखांब, मुरबाडकडची मुलं येतात; कुणी एसटीने, कुणी लोकलने. एंट्रॉपी आणि मुक्त ऊर्जेचं प्रकरण आलं की वर्गाचा नूर पालटतो. गणितं सोपी असतात, तीन ओळींत सुटतात, आणि तरीही उत्तराचा अर्थ विचारला की शांतता पसरते. त्या शांततेने मला बरंच शिकवलं. गेली काही वर्षं हे प्रकरण मी जवळजवळ एकाच उदाहरणावर शिकवते: चुनखडी भाजून चुना करणे. कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कोकण किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना काढायची जुनी रीत होती, तीही हीच अभिक्रिया. या एका भट्टीभोवती मला जे उमगलं ते असं.

१. उष्णता बाहेर पडते म्हणून अभिक्रिया घडते, ही समजूत मुलांच्या मनात फार खोल रुतलेली असते. जळणारं लाकूड सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून ΔH ऋण असला की उत्तर ‘उत्स्फूर्त’, धन असला की ‘नाही’, असं ती बिनदिक्कत लिहून मोकळी होतात. त्यावर वाद घालण्याऐवजी मी नवसागर पाण्यात टाकून परीक्षानळी हातात देते. कल्हईवाले भांड्याला लावत तोच नवसागर. तो आपोआप विरघळतो आणि नळी गार पडते. मोलमागे सुमारे १५ किलोज्यूल उष्णता तो आत ओढून घेतो, तरी त्याला ढकलावं लागत नाही. त्या गार नळीनंतर ΔG = ΔH − TΔS या सूत्रातल्या दुसऱ्या पदाकडे मुलं जरा आदराने बघतात.

२. या प्रकरणात सर्वांत मोठा घोळ ज्यूल आणि किलोज्यूल यांच्यात होतो, आणि तो पकडायला सूत्र लागत नाही, पायाखालची फरशी पुरते. चुनखडीचे आकडे घेऊ. प्रमाणित स्थितीत, २९८ केल्विनला ΔH आहे +१७८.३ किलोज्यूल. एंट्रॉपीसाठी तक्त्यातून तीन आकडे काढायचे: कार्बन डायऑक्साइड २१३.७, कॅल्शियम ऑक्साइड ३९.८, कॅल्शियम कार्बोनेट ९२.९. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा केला की ΔS येतो +१६०.६ ज्यूल प्रति केल्विन. एकक बघा, इथे ज्यूल आहे, वर किलोज्यूल होतं. हजाराने भागून ०.१६०६ केलं तर २९८ केल्विनला TΔS होतो ४७.९, आणि ΔG = १७८.३ − ४७.९ = +१३०.४ किलोज्यूल. म्हणजे घरच्या तापमानाला हे घडणार नाही. भागायचं विसरलं, तर ΔG उणे सत्तेचाळीस हजारांच्या घरात जातो आणि अभिक्रिया झोकात उत्स्फूर्त ठरते. अशी वही समोर आली की मी एकच विचारते, आपण बसलोय ती शहाबादी फरशी कशाची आहे? चुनखडीचीच. मग ती अजून चुना होऊन का विस्कटली नाही? उत्तर देणारा मुलगा स्वतःच खोडरबर शोधू लागतो.

हीच चूक तापमान काढताना दुसऱ्या वेषात येते. ΔG शून्य कधी होईल? T = ΔH/ΔS. नीट केलं तर १११० केल्विन, म्हणजे ८३७ अंश सेल्सिअस. एककं तशीच ठेवली तर १.११ केल्विन. द्रवरूप हेलियम ४.२ केल्विनला उकळतो. त्याहून गार भट्टीत चुना भाजल्याचं उत्तर दोन रेघा ओढून अधोरेखित केलेलं मी पाहिलं आहे.

३. मूलद्रव्यांची एंट्रॉपी शून्य नसते. हे सांगून झाल्यावरही पुन्हा सांगावं लागतं, कारण शेजारच्याच रकान्यात ऑक्सिजनची निर्मिती-एन्थॅल्पी शून्य असते आणि हात सवयीने दोन्हीकडे शून्य लिहितो. चुनखडीच्या गणितात मूलद्रव्य येत नाही म्हणून इथे मी पत्र्याच्या गंजाकडे वळते. चार मोल लोखंड आणि तीन मोल ऑक्सिजन मिळून दोन मोल फेरिक ऑक्साइड. ऑक्सिजन २०५.१, लोखंड २७.३, ऑक्साइड ८७.४. सहगुणकांनी गुणून वजाबाकी केली की ΔS सुमारे −५५० ज्यूल प्रति केल्विन येतो. मूलद्रव्यांना शून्य दिलं तर तोच +१७५ येतो, चिन्हच उलटं. तीन मोल वायू घन पदार्थात गडप होतोय आणि एंट्रॉपी वाढतेय? गणिताआधी नुसते वायूचे मोल मोजले असते तरी संशय आला असता.

४. एंट्रॉपी घटते तरी अभिक्रिया घडते, हे मुलांना फसवणूक वाटतं, आणि त्यांचं तसं वाटणं रास्त आहे. विश्वाची एंट्रॉपी वाढते असं आपणच सांगितलेलं असतं. सूत्रातला ΔS फक्त अभिक्रियेतल्या पदार्थांचा आहे. सभोवतालचा हिशेब ΔH मध्ये दडलेला आहे. तो बाहेर काढून मांडला की प्रकरण उजळतं. सभोवतालची एंट्रॉपी बदलते −ΔH/T इतकी. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, वाफा येतात. गवंड्यांच्या घरची मुलं हे मला जास्त चांगलं सांगतात. तिथे पदार्थांची एंट्रॉपी २६ ज्यूल प्रति केल्विनने कमीच होते. पण ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि २९८ केल्विनला ती सभोवतालची एंट्रॉपी जवळपास २१९ ने वाढवते. बेरीज ठळक धन.

आता चुनखडीकडे परत. ती उष्णता घेते, म्हणून २९८ केल्विनला सभोवतालचं नुकसान १७८३०० भागिले २९८, म्हणजे ५९८ ज्यूल प्रति केल्विन. स्वतःची कमाई १६०.६. सौदा तोट्याचा. १११० केल्विनला उष्णता तेवढीच घेतली असं धरलं, तर नुकसान फक्त १६०.६ उरतं आणि पारडी समतोल होतात. तीच उष्णता, मग नुकसान कमी का? याचं उत्तर शहापूर तालुक्यातल्या मुलांना मी त्यांच्याच गावातून देते. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीतून एक हंडा उचलला तर हाहाकार होतो. भातसा धरणातून तोच हंडा उचलला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तापलेल्या भट्टीतून उष्णता उचलणं धरणातून हंडा भरण्यासारखं आहे. सूत्रात T छेदात का बसलाय, हे त्या दिवसानंतर मला वर्गात फारसं सांगावं लागलं नाही.

५. १११० केल्विन हा दिव्याचा खटका नव्हे. पुस्तकी उत्तर वाचून असं वाटतं की ८३६ अंशांपर्यंत दगड निवांत आणि ८३७ ला एकदम चुना. मला स्वतःला हा भाग उलगडायला सर्वांत जास्त वेळ लागला. तो आकडा ΔG° शून्य करतो, ΔG नव्हे. वरच्या त्या छोट्या वर्तुळाचा अर्थ इतकाच की कार्बन डायऑक्साइडचा दाब एक बार धरला आहे, म्हणजे दगडाभोवती निव्वळ हाच वायू कोंडलेला आहे. उघड्या हवेत त्याचा वाटा दहा लाखांत सुमारे ४२० भाग, म्हणजे ०.०००४२ बार. मग ΔG = ΔG° + RT ln Q वापरायचं, Q च्या जागी हाच दाब. ln ०.०००४२ होतो उणे ७.७८, त्यामुळे ΔG शून्य होण्याचं तापमान हिशेबाने ८०० केल्विनच्या आसपास, म्हणजे ५२० अंश सेल्सिअसवर उतरतं. उलट बंद भांड्यात चुनखडी तापवली तर निघालेलाच वायू साठतो, Q वाढतो आणि अभिक्रिया अडून बसते. भट्टीत हवा खेळती ठेवतात त्याचं एक कारण जळण नीट पेटावं हे, आणि दुसरं हे.

शिवाय आपण एक गोष्ट गृहीत धरली होती, ΔH आणि ΔS तापमानाबरोबर बदलत नाहीत अशी. ते थोडे बदलतात. म्हणूनच एक वातावरण दाबाला प्रत्यक्ष मोजलेलं तापमान ८३७ नसून ९०० अंशांच्या जवळ भरतं. हुशार मुलं विचारतात, मग आपलं उत्तर चूक? परीक्षेसाठी बरोबर, भट्टीसाठी अंदाज. साठेक अंशांचा फरक कुठून आला ते माहीत असलं की मला तो खटकत नाही.

६. ‘उत्स्फूर्त’ म्हणजे ‘लगेच’ नव्हे. हे वाक्य सगळे पाठ म्हणतात, पण त्यावर विश्वास बसायला भिंत फोडावी लागते. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. प्रमाणित ΔG° सुमारे −७३ किलोज्यूल. हवेतल्या विरळ वायूचा हिशेब धरला तर ΔG −५४ च्या आसपास, तरी ठणठणीत ऋण. म्हणजे गिलावा दुपारपर्यंत दगड व्हायला हवा. होत नाही. पृष्ठभाग काही दिवसांत घट्ट होतो, पण जाड दरजांच्या पोटात वर्षानुवर्षं चुना कच्चा राहू शकतो, कारण वायूला बारीक छिद्रांतून आत झिरपायचं असतं आणि अभिक्रियेला थोडा ओलावाही लागतो. भिंत अगदी कोरडी असली तर काम थबकतं, चिंब भिजली असली तर छिद्रं पाण्याने भरून वायूच आत शिरत नाही. यातलं काहीच ΔG सांगत नाही. तो फक्त दिशा सांगतो.

हे वहीबाहेर तपासता येतं, म्हणून मला फार आवडतं. एका विद्यार्थ्याचे वडील जुन्या चुन्याच्या बांधकामाची दुरुस्ती करतात. त्याने एकदा जाड गिलाव्याचं एक ढेकूळ वर्गात आणलं. आम्ही ते मधोमध फोडलं आणि ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले. कडेची पट्टी पांढरीच राहिली. तिथे चुना पुन्हा चुनखडी झाला होता. गाभा झपकन गुलाबी झाला, म्हणजे तिथे अजून अल्कलीधर्मी चुना शिल्लक होता. मुलांनी पट्टी मोजपट्टीने मोजली. मग मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “मॅडम, कडेचा आणि मधला ΔG वेगळा आहे का?” आहे. छिद्रांतून आत जाता जाता वायूचा दाब घटत जातो, म्हणून गाभ्यातला ΔG कडेपेक्षा कमी ऋण असतो. तो तास आम्ही त्या दाबाचा अंदाज बांधण्यात घालवला: गाभ्यात ΔG शून्यावर यायचा तर कार्बन डायऑक्साइड किती विरळ हवा? −७३ किलोज्यूलला RT ने, म्हणजे २.४८ ने भागलं, उणे २९.४ आलं, आणि e चा तितका घात काढल्यावर दाब बारच्या दहा लाख कोटी भागांत दोनच भागांच्या आसपास निघाला. इतका विरळ वायूही पुरतो, हे पाहून वर्गाने पुन्हा त्या गुलाबी गाभ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न वेगाचा निघाला. तो रासायनिक गतिकीच्या प्रकरणातला, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात केली.