कंपनीच्या वेबसाइटवर स्वतःबद्दल काय लिहावे?

नोकरीचे पहिले काही आठवडे सरले की एच.आर.कडून मेल येतो : वेबसाइटसाठी एक फोटो आणि चार-पाच ओळींचा परिचय पाठवा. नुकतीच पदवी घेतलेली मुले रेझ्युमे लिहायला शिकलेली असतात, म्हणून ती त्याच रेझ्युमेचा सारांश काढून पाठवतात आणि घोटाळा तिथेच होतो. रेझ्युमे वाचणारा नोकरी द्यायची की नाही हे ठरवत असतो. वेबसाइट वाचणाऱ्याला नोकरी द्यायची नसते. आपले काम कोणाच्या हातात जाणार, एवढेच त्याला पाहायचे असते. परिचय बढाईखोर होणे आणि कंटाळवाणा होणे हे दोन उलट दोष दिसतात, पण माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. लिहिताना वाचणारा माणूस डोळ्यांसमोर नसतो.

एक नमुना घेऊन हे नीट पाहू. समजा, सांगलीतून सिव्हिलची पदवी घेतलेली एक मुलगी पुण्यात स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या छोट्या फर्ममध्ये लागली आहे. तिचा पहिला मसुदा असा : ‘अत्यंत कष्टाळू, ध्येयवेडी आणि बहुआयामी अभियंता. बांधकाम क्षेत्रात क्रांती घडवण्याची जिद्द. अनेक मोठ्या प्रकल्पांचे यशस्वी नेतृत्व.’ हे फार झाले असे कोणी म्हटल्यावर ती दुसऱ्या टोकाला जाते : ‘दहावी 94 टक्के, बारावी 88 टक्के, 2023 मध्ये बी.ई. सिव्हिल, प्रथम श्रेणी विशेष प्रावीण्यासह. ऑटोकॅड व एक्सेलचे ज्ञान. सध्या ज्युनियर इंजिनियर पदावर कार्यरत.’ आता वाचणारा कोण ते बघा. उपविधींनुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे ऑडिट दर तीन वर्षांनी करून घ्यावे लागते, म्हणून एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरी रात्री जेवणानंतर तीन-चार फर्मच्या वेबसाइट उघडून बसल्या आहेत. त्यांना विचारायचे आहे ते एवढेच : आमच्या इमारतीत येणार कोण, ती व्यक्ती काय तपासणार, आणि सभासदांनी प्रश्न विचारले तर उत्तर देणार का? पहिला मसुदा याचे उत्तर देत नाही आणि दुसराही देत नाही. पहिल्यात तर खोटेही आहे. ऑडिटच्या अहवालावर सही परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियरची असते. 2023 मध्ये पदवी घेतलेल्या मुलीने ‘नेतृत्व’ केले असेल, यावर त्या क्षेत्रातला कोणीही विश्वास ठेवणार नाही.

तिसरा मसुदा असा होऊ शकतो : ‘जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये जागेवरची पाहणी आणि चाचण्या त्या करतात. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी चाचण्यांच्या नोंदी घेणे, तडे आणि गंजलेल्या सळ्या मजल्यांनुसार नकाशावर दाखवणे आणि अहवालाचा पहिला मसुदा लिहिणे हे त्यांचे काम. 2023 मध्ये सिव्हिलची पदवी घेतल्यापासून पुणे आणि ठाण्यातील 30 गृहनिर्माण संस्थांच्या ऑडिटमध्ये त्यांनी काम केले आहे. पाहणीच्या वेळी सभासदांच्या शंकांना त्या मराठीत आणि हिंदीत उत्तरे देतात.’ यात स्वतःची स्तुती करणारे एकही विशेषण नाही. तरी वाचून विश्वास बसतो, कारण प्रत्येक वाक्यातली गोष्ट पडताळता येते. शिवाय काय केले नाही, हेही त्यातून आपोआप कळते : ती मसुदा लिहिते, सही करत नाही. स्वतःच्या कामाची हद्द स्पष्ट सांगणारा माणूस त्या हद्दीत पक्का असतो, असे वाचणारा गृहीत धरतो. क्रमही बदललेला आहे. पदवी तिसऱ्या वाक्यात गेली आणि आजचे काम पहिल्या वाक्यात आले. कंटाळवाणेपणा बहुतेक वेळा माहितीत नसतो, तो जन्मापासून आजपर्यंत या क्रमात असतो.

इथे पालकांची पहिली हरकत येते : बाकीचे सगळे मोठमोठे शब्द वापरतात, मग आमच्याच मुलीने का मागे राहायचे? याला जुना पण चांगला पुरावा आहे. जॉन मॉर्क्स आणि जेकब नील्सन यांनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाची तीच माहिती वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून लोकांना वाचायला दिली. फक्त जाहिरातबाजीचे शब्द काढून साधी भाषा ठेवली, तर वेग, चुका, स्मरण आणि समाधान यांवर मोजलेली उपयुक्तता 27 टक्क्यांनी वाढली. मजकूर सुमारे निम्मा केला तर 58 टक्क्यांनी. तो प्रयोग माणसांच्या परिचयांवर नव्हता, हे मान्य. पण त्यांनी दिलेले कारण इथेही लागू पडते : फुगवलेले वाक्य दिसले की त्यातले खरे किती हे वाचणाऱ्याला चाळून काढावे लागते, आणि त्यात तो अडखळतो. एक सोपी कसोटी सांगतो. विशेषणाच्या उलट शब्द कोणी स्वतःबद्दल लिहील का, हे विचारा. ‘आळशी अभियंता’ असे कोणी लिहीत नाही, म्हणून ‘कष्टाळू अभियंता’ने काहीच सांगितले जात नाही. उलट ‘जागेवर काम करते’ हे सांगण्यासारखे आहे, कारण कार्यालयात बसून आकडेमोड करणारे अभियंतेही असतात.

दुसरी हरकत आपल्या घरांतल्या संस्कारांतून येते : आपल्या तोंडाने आपले कौतुक कशाला? मग मुले नम्रतेची फोडणी देतात : ‘एवढ्या लहान वयात इतकी जबाबदारी मिळाली, याचे मलाच आश्चर्य वाटते.’ ओव्हुल सेझर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे नम्रतेआडून केलेले कौतुक सरळ बढाईपेक्षाही लोकांना नावडते आढळले, कारण त्यात प्रामाणिकपणा दिसत नाही. झालेले काम जसे झाले तसे सांगणे ही आत्मस्तुती नाही, ती माहिती आहे. तेव्हा संकोचापोटी ती तीस सोसायट्यांची ओळ गाळू नये.

तिसरी हरकत सर्वांत खरी आहे : ज्याला लागून दोनच महिने झाले, त्याने लिहायचे काय? त्याने कमी लिहावे. दोन वाक्ये पुरतात : सध्या कोणत्या कामात कोणाला साहाय्य करतो, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये नेमके काय केले. ‘काँक्रीटवर प्रोजेक्ट केला’ याऐवजी ‘फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या काँक्रीटचे क्यूब 7 आणि 28 दिवसांनी दाबून त्यांची ताकद तपासली’ असे लिहिले की अनुभव लहान असूनही भरीव दिसतो. शाळेतली वक्तृत्वाची ढाल आणि दहावीचे टक्के मात्र, पालकांना कितीही वाईट वाटले तरी, बाहेर ठेवावेत.

काही पेशांत तर संयमाचा नियमच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही; 2008 च्या दुरुस्तीनंतर वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र अशी ठरावीक माहितीच देता येते. तिथे वर दाखवलेला मोकळा परिचयही चालणार नाही, म्हणून आधी नियम वाचावेत.

पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. ‘दोन वर्षांचा अनुभव’ असे न लिहिता ‘2023 पासून’ असे लिहावे, कारण वेबसाइट वर्षानुवर्षे कोणी बदलत नाही. आणि ग्राहकाचे नाव घालायचे असेल तर आधी वरिष्ठांची परवानगी घ्यावी; अनेक करारांत तसे नाव जाहीर करायला मनाई असते. पालकांनी मसुदा जरूर वाचावा, पण त्यात बक्षिसे भरण्याऐवजी मुलीला एकच प्रश्न विचारावा : यातले प्रत्येक वाक्य तुझ्या साहेबांसमोर मोठ्याने वाचून दाखवशील का? ज्या वाक्याला ती अडखळेल, ते काढून टाका.